कपाशी ते सोयाबीन : वाशिम जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाचा रिकामा हंगाम

प्रस्तावना :
वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील शेती प्रामुख्याने कोरडवाहू असल्याने दोन हंगामांमधील रिकाम्या काळात मिळणारी मजुरी व पूरक धंदे हे कुटुंबाच्या अर्थकारणाचे महत्त्वाचे अंग राहिले आहे. हा काळ किती लांब राहणार, हे निसर्गाइतकेच पिकाच्या निवडीवर अवलंबून असते. कारंजा परिसराच्या आधारे या संबंधाचा येथे विचार केला आहे.

कपाशीचा काळ :
अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडातील कापसाला मागणी वाढली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद मार्गाच्या रेल्वेने कारंजाची बाजारपेठ जोडली गेली. जूनमध्ये पेरलेल्या कपाशीची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन तीन-चार वेळा होत असे. वेचणीची मजुरी वजनावर मिळत असल्याने स्त्रियांच्या हाती रोख रक्कम येई. बैलगाडी असलेला शेतकरी कापूस वाहून भाडे मिळवी, तर काही पुरुष जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाली करीत. शेवटी उपटलेली पऱ्हाटी सरपण म्हणून वापरली जाई.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १७० किलो रुईच्या एका गाठीसाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. पाच एकर कोरडवाहू जमिनीवर वीस क्विंटल कापूस झाला, असे मानले तरी त्याच्या चारच गाठी होतात. म्हणजे जिनिंगमधील काही महिन्यांचा रोजगार कुटुंबाच्या स्वतःच्या पिकातून नव्हे, तर संपूर्ण परिसराच्या कपाशीतून निर्माण होत होता.

पिकातील बदल :
१९९० नंतर सोयाबीनचा प्रसार झाला. सुमारे शंभर दिवसांचे हे पीक ऑक्टोबरपर्यंत निघते, मळणी यंत्राने होते आणि माल थेट बाजारात जातो. खर्च व श्रम वाचले. परंतु वेचणी, वाहतूक आणि सरकी काढण्याची साखळी तुटली. ज्याच्या विहिरीला पाणी आहे किंवा जमिनीत पुरेशी ओल आहे, तो हरभरा घेतो. इतरांचा रिकामा काळ मार्च ते जूनऐवजी नोव्हेंबर ते जून असा लांबला. २००० मधील कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर जिनिंगचे आधुनिकीकरण होऊन उरलेल्या कारखान्यांतही माणसांची गरज घटली.

रोजगार हमीची मर्यादा :
१९७२ च्या दुष्काळात व्यापक झालेली रोजगार हमी योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने लागू झाली. नालाबांध, रस्ते यांसारखी कामे त्यातून मिळाली. मात्र मजुरी कामाच्या मापावर ठरत असल्याने कठीण मुरमाच्या जमिनीत तेवढ्याच श्रमाला कमी मोबदला पडू शकत असे. शिवाय घरातल्या धान्यावर व उसनवारीवर दिवस काढणाऱ्या कुटुंबाला उशिरा मिळालेली मजुरी गरजेच्या वेळी उपयोगी पडत नसे.

निष्कर्ष :
सोयाबीनने एकरी श्रम कमी केले. त्याच वेळी भूमिहीन मजूर व अल्पभूधारक स्त्री यांची हिवाळ्यातील मजुरीही कमी केली. पीकबदलाचे मूल्यमापन केवळ उत्पन्नावर न करता, त्यामुळे गमावलेल्या कामाच्या दिवसांवरही करणे आवश्यक ठरते.