वकिलाशिवाय हाताने लिहिलेली वसियत चालते का?

हा प्रश्न बहुतेक वेळा दफनविधीनंतर, कपाटात एखादे पान सापडल्यावर उभा राहतो. नारायणगावातील एक उदाहरण घेऊ. ते समजण्यासाठी रचलेले आहे.

एका सुन्नी आजोबांच्या मागे एक मुलगा, एक मुलगी आणि आधीच वारलेल्या दुसऱ्या मुलाचा मुलगा, म्हणजे यतीम नातू, आहे. चुलता हयात असल्याने शरीयतप्रमाणे नातू वारस ठरत नाही. म्हणून आजोबांनी वहीच्या पानावर स्वतः लिहिले, ‘बाजारातला गाळा नातवाला द्यावा.’ ना स्टॅम्प पेपर, ना साक्षीदार.

कागद म्हणून ही वसियत चालते. भारतीय वारसा कायदा, १९२५ मधील सही आणि दोन साक्षीदारांची अट मुस्लिम वसियतीला लागू नाही. तोंडी वसियतही चालते. १८९८ साली मजहर हुसेन विरुद्ध बोधा बीबी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मृत्यूच्या थोडे आधी लिहिलेले पत्रही वसियत म्हणून मान्य केले. अपवाद एक: विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल, तर १९२५ च्या कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात.

पण नातवाला किती मिळेल? आधी कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा करायचे. समजा, २७ लाखांची मालमत्ता उरली: घर १५ लाखांचे, गाळा १२ लाखांचा. वसियत एक तृतीयांशापुरती, म्हणजे ९ लाखांपर्यंत चालते. उरलेल्या ३ लाखांसाठी आजोबांच्या मृत्यूनंतर मुलगा आणि मुलगी दोघांची संमती हवी. ती नसेल तर नातवाचा हक्क गाळ्याच्या पाऊण हिश्श्यावरच राहतो. हेच पान मुलीच्या नावे असते, तर ती स्वतः वारस असल्याने सुन्नी कायद्यात भावाची संमती लागली असती.

आता पुरावा. चुलता म्हणाला, ‘हे अब्बांचे अक्षर नाही,’ तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी नातवावर येते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव लागले तरी मालकीचा वाद मिटत नाही. तो दिवाणी न्यायालयच ठरवते. तिथे मूळ पान लागते, नुसती झेरॉक्स पुरत नाही. आजोबांना लिहिताना पाहिलेला माणूस किंवा त्यांचे अक्षर ओळखणारा जुना सहकारी साक्ष देऊ शकतो. बँकेतील सही, जुनी पत्रे, हिशेबाची वही यांच्याशी अक्षर ताडता येते. गरज पडल्यास हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवतात. खाडाखोड, वेगळी शाई, किंवा ज्याला फायदा त्यानेच मजकूर लिहिलेला असणे, यातून संशय वाढतो.

म्हणून कायद्याने लागत नसले तरी तारीख टाका, प्रत्येक पानावर सही करा आणि ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे आणि वसियतीला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणीमुळे पुरावा बळकट होतो, पण एक तृतीयांशाची मर्यादा तशीच राहते.