तंजावरची गोष्ट कुठे संपवायची?

तंजावरच्या राजवाड्यावरचा हा शेवटचा भाग. या भागासाठी मी दोन वेळा टिपण काढलं आणि दोन्ही वेळा अडलो ते एकाच ठिकाणी. गोष्ट 1859 ला थांबवायची, की पुढचं 'उपसंहार' म्हणून जोडायचं?

आधी 1859 ला काय झालं ते बघू. 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीला दिला होता. राजांकडे राहिला किल्ला, वाडा आणि ठरलेला तनखा. त्यांचे पुत्र शिवाजीराजे ऑक्टोबर 1855 मध्ये वारले. मुलगा नव्हता. कंपनीने गादी संपल्याचं ठरवलं आणि वर्षभराने, ऑक्टोबर 1856 मध्ये, रेसिडेंट फोर्ब्स सैन्य घेऊन वाड्यात आला. खोल्यांना मोहोरा लागल्या. आता तुम्ही म्हणाल, राज्य गेलं तर जाऊ दे, पण घरातली चीजवस्तू? तीही गेली. राज्याचं कोणतं आणि घरचं कोणतं, हा भेद कंपनीने केलाच नाही.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी नेमकं तेवढंच मागितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : गादीचं काय ते तुमचं तुम्ही बघा, नवऱ्याची खासगी मालमत्ता हिंदू कायद्याने माझी आहे. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीचा कारभार तोवर राणीच्या सरकारकडे गेला होता. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं आणि जुलै 1859 मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी ते मंजूर केलं. ही जप्ती म्हणजे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली राजकीय कृती आहे. ती न्याय्य की अन्याय्य हे आम्ही पाहूच शकत नाही. अन्याय झाला असला तरी तो दूर करणं कोणत्याही न्यायालयाच्या हातात नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

कंपनी बरोबर होती, असं न्यायाधीश कुठेच म्हणत नाहीत. राणीचं चुकलं, असंही नाही. फक्त दार बंद होतं. गोष्ट सांगणाऱ्याला याहून संयत शेवट मिळणार नाही. पहिलं टिपण मी इथेच संपवलं होतं, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं होतं.

पण मग 1862 चं काय करायचं? त्या वर्षी सरकारने राजांची जमीनजुमल्याची मिळकत राण्यांना परत दिली. हे लपवलं, तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. उलट शेवटी एका ओळीत 'पुढे मालमत्ता परत मिळाली' असं लिहिलं, की ऐकणारा सुस्कारा सोडतो आणि आधीचा सगळा निकाल पुसला जातो. बहुतेक पुस्तकांत नेमकं हेच होतं. त्याला 1918 मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं ही ओळ जोडली, की शेवट अगदी गोड.

दुसऱ्या टिपणाच्या वेळी मी 1862 च्या हुकुमाच्या अटी नीट वाचल्या. मिळकत परत आली ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून. ताबा थोरल्या राणीकडे, उपभोग सर्व राण्यांचा. शेवटची राणी गेली की राजांच्या मुलीकडे. ती नसेल तर राजांच्या पुढच्या वारसांकडे, आणि त्यापुढे एकच शब्द : 'असल्यास'.

गाठ मारली म्हणायची ती ही! सहा वर्षांत, 1868 मध्ये, राण्यांचाच आपापसातला दावा मद्रास हायकोर्टात निकाली निघाला. त्यात वादीही राणी, प्रतिवादीही राणी, आणि प्रश्न असा की सरकारने नेमकं काय कोणाला दिलं. पुढे शेवटची राणी गेल्यावर 'पुढचे वारस' कोण यावर जो खटला चालला, त्याचा मद्रास हायकोर्टाचा निकाल 1920 च्या दशकातला आहे, आणि त्या प्रकरणाच्या नावातच कोल्हापूरचे महाराज आहेत. लग्नाच्या राण्यांखेरीज इतर स्त्रियांपासून झालेल्या मुलांच्या वंशाला वारसा मिळतो का, हा त्यातला पेच. हिंदू कायद्यात त्याचं उत्तर वर्णावर अवलंबून होतं. म्हणून तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हे ठरवायला न्यायालय बसलं, आणि शूद्र असं ठरवून मोकळं झालं! ज्या घराण्याची सत्ता संपवताना न्याय-अन्याय पाहता येत नाही म्हणून सांगितलं गेलं, त्या घराण्याचा वर्ण मात्र पाहता आला.

तेव्हा उपसंहाराने शेवट कमकुवत होतो का? मालमत्ता परत मिळाली, एवढ्यावर थांबलात तर होतो. अटींसकट सांगितलात, तर 1859 चं बंद दार तसंच बंद राहतं. म्हणून मी उपसंहार ठेवला आहे. ग्रंथालयाची ओळ शेवटून उचलून ग्रंथालयाच्या भागात नेली आहे, तिथे ती शोभते.

वाड्यात गेलात तर दरबार महाल बघून लोक ग्रंथालयाकडे वळतात. मधे चौकात जरा थांबा. फोर्ब्सने मोहोरा लावल्या, त्या याच वाड्यातल्या खोल्यांना.