गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं शेतात सोडली, तर ती टिकतात का?

पावसाळा सुरू झाला की अनेक शेतकरी गांडुळं विकत आणतात आणि शेतात सोडतात. गांडूळ जमीन भुसभुशीत करतं, मग जितकी जास्त सोडू तितकं चांगलं, असा साधा हिशोब असतो. पण दोन-तीन महिन्यांनी माती उकरली तर त्यातलं एकही सापडत नाही.

मग ती जातात कुठे? बहुतेक वेळा ती मरतात. यात विकणाऱ्याने फसवलेलंच असतं असं नाही. खरी गोष्ट अशी की, खताच्या बेडमधलं गांडूळ आणि शेतातलं गांडूळ हे दोन वेगळे प्राणी आहेत.

गांडूळ म्हणजे एकच प्राणी नाही

राहण्याच्या जागेवरून गांडुळांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट शेणाच्या ढिगात, पालापाचोळ्याखाली, अगदी पृष्ठभागावर राहतो. खताच्या बेडमध्ये वापरली जाणारी लालसर 'आयसेनिया फेटिडा' याच गटातली. ही भराभर खातात, भराभर वाढतात, पण माती पोखरत खोल जात नाहीत. उघड्या शेतात त्यांना ना शेणाचा ढीग मिळतो, ना सावली. वरचा थर वाळला की त्यांचा खेळ संपतो. उरलीसुरली पक्षी आणि मुंग्या खातात.

दुसरा गट मुळांच्या थरात आडवी बिळं करत फिरतो आणि मातीच खातो. तिसरा गट उभी, खोल बिळं करतो आणि रात्री वर येऊन पाचोळा आत ओढतो. शेताच्या कामाची गांडुळं मुख्यतः या दोन गटांतली. भारतात सर्रास आढळणारं 'लॅम्पिटो मॉरिशी' हे मातीत राहणारं देशी गांडूळ आहे. उन्हाळ्यात जमीन तापली की अशी अनेक गांडुळं खाली जातात, अंगाची गुंडाळी करून पडून राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा कामाला लागतात.

म्हणजे बेडमध्ये तयार झालेलं गांडूळखत शेतात जरूर टाका. पण त्यातली गांडुळं शेतात वस्ती करतील, ही अपेक्षा ठेवू नका.

मातीत कोण कोणाला खातं?

गांडूळ नेमकं काय करतं हे समजायला आधी मातीतली खाण्याची साखळी बघू.

पिकाचे अवशेष कुजवायला सुरुवात करतात ते जिवाणू आणि बुरशी. हे करताना ते मातीतलं नत्र स्वतःच्या शरीरात साठवतात. ते नत्र पिकाला लगेच मिळत नाही, ते जणू तिजोरीत बंद असतं. म्हणूनच कच्चं पाचट किंवा भुसा मातीत गाडला की वरचं पीक काही दिवस पिवळं पडतं.

ही तिजोरी उघडतात जिवाणूंना खाणारे. प्रोटोझोआसारखे एकपेशीय जीव आणि डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी जिवाणूंवर जगतात. (सगळेच सूत्रकृमी मुळांना गाठी करत नाहीत.) जिवाणूच्या शरीरात नत्राचं प्रमाण खूप असतं. खाणाऱ्याला तेवढं लागत नाही. जास्तीचं नत्र तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो आणि ते मुळांना घेता येतं.

गांडूळ या सगळ्या कामाचा वेग वाढवतं. ते माती आणि कुजका पाला एकत्र गिळतं. त्याच्या आतड्यात ओलावा आणि चिकट स्राव मिळाल्यावर मातीतले सुस्त जिवाणू जागे होतात. बाहेर पडणाऱ्या विष्ठेत आजूबाजूच्या मातीपेक्षा पिकाला घेता येईल असं नत्र आणि स्फुरद जास्त असतं. शिवाय बिळांमधून पाणी आणि हवा खाली जाते.

मग उत्पादन किती वाढतं?

2014 साली जगभरातल्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात गांडुळं असताना पिकाचं उत्पादन सरासरी 25 टक्क्यांनी जास्त दिसलं. पण त्यातली अट फार महत्त्वाची आहे. जिथे पिकाचे अवशेष जमिनीत परत जात होते तिथे फायदा जास्त होता आणि जिथे आधीच भरपूर नत्र उपलब्ध होतं तिथे तो दिसेनासा झाला.

कारण सरळ आहे. गांडूळ नत्र तयार करत नाही, अडकलेलं नत्र मोकळं करतं. पऱ्हाट्या, पाचट, भुसा सगळं जाळून टाकलं, तर मोकळं करायला काही उरतच नाही.

आपल्या शेतात किती आहेत, कसं मोजायचं?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमिनीला वाफसा असताना, सकाळी मोजा. उन्हाळ्यात शून्य आलं तर त्याला काही अर्थ नाही.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. निघालेली माती गोणपाटावर पसरा, ढेकळं हाताने फोडा आणि गांडुळं मोजा. खोल राहणारी वर आणायची असतील तर दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मोहरीची पूड कालवून खड्ड्याच्या तळाशी हळूहळू ओता. त्वचेची आग झाल्याने ती काही मिनिटांत वर येतात. मोजून झाल्यावर ती साध्या पाण्यात धुवून परत सोडा.

असे पाच खड्डे शेतात आणि दोन खड्डे बांधावर, झाडाखाली, त्याच दिवशी घ्या.

समजा, सोयाबीनच्या शेतात 3, 1, 0, 2, 4 अशी गांडुळं निघाली. सरासरी आली 2. बांधावर निघाली 8 आणि 10, सरासरी 9. पाऊस तोच, मातीही तीच. मग फरक कशाचा? बांधावर पाला पडतो आणि नांगर फिरत नाही. म्हणजे या शेतकऱ्याला गांडुळं विकत आणायची गरज नाही. ती बांधावर आहेतच, फक्त शेतात त्यांना खायला नाही.

आणखी एक गोष्ट बघा. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला जाडसर पट्टा असतो. पट्टा नसलेली लहान पिल्लंही सापडली, तर प्रजनन सुरू आहे. फक्त मोठी दिसली, तर वस्ती वाढत नाहीये असं समजा.

वस्ती वाढवायची कशी?

काढणीनंतर भुसा, पाचट न जाळता जमिनीवरच आच्छादन म्हणून पसरा. वर पसरलेलं पाचट हळूहळू कुजतं, त्यामुळे गाडलेल्या पाचटासारखा नत्राचा एकदम तुटवडा होत नाही.

ओल्या जमिनीत रोटाव्हेटरच्या फेऱ्या कमी करा. गांडूळ कापलं की त्याची दोन होतात, हा गैरसमज आहे. पुढचा भाग कधी कधी जगतो, मागच्या तुकड्यापासून सहसा नवं गांडूळ होत नाही. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक आणि कार्बोफ्युरानसारखं कीटकनाशक मातीत गेलं तर गांडुळांना घातक ठरतं, हेही लक्षात ठेवा.

आणि घाई करू नका. मातीतली गांडुळं वर्षाला काही मीटरच पुढे सरकतात. त्यामुळे फरक आधी बांधालगतच्या ओळींत दिसेल. पुढच्या ऑगस्टमध्ये पहिला खड्डा तिथेच घ्या आणि आकडा यंदाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.