आजीच्या वहींतील पुरणपोळी इंग्रजींत

आमच्या घरांतील एका जुन्या वहींत पुरणपोळीची कृति अवघ्या सात-आठ ओळींत आटोपलेली आहे. माझ्या आजीनें ती १९४० च्या सुमारास आपल्या लेकीसाठीं उतरून ठेविली. आतां आमच्या कुटुंबांतील परदेशीं वाढलेल्या एका नातीला मराठी वाचतां येत नाहीं. म्हणून ती कृति इंग्रजींत आणण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या सात-आठ ओळींना इंग्रजींत साडेतीन पानें लागलीं. तीं कां लागलीं, तें आज सांगावयाचें आहे.

मूळ मजकूर असा : "हरभऱ्याची डाळ एक शेर. गूळ डाळीइतका. डाळ बोटचेपी शिजवून कट काढावा. गूळ घालून आटवावें, उलथनें उभें राहिलें कीं उतरावें. गरम आहे तोंच वाटावें. जायफळ अंदाजानें. कणीक सैल भिजवून तेलापाण्यानें तिंबावी, मुरूं द्यावी. पोळी लाटून मंद विस्तवावर भाजावी."

पहिली अडचण नांवांची. हरभऱ्याला आपल्याकडील इंग्रजींत 'बेंगॉल ग्रॅम' म्हणण्याची वहिवाट आहे. हा 'ग्रॅम' वजनाचा नव्हे. दाणा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून तो आला आहे. परंतु परदेशांतील मुलीला हें कोठून ठाऊक असणार? 'चिकपी' म्हणावें, तर ती पांढरे काबुली चणे घेऊन येईल. म्हणून मीं 'चना डाळ' हेंच नांव ठेविलें आणि पुढें "लहान, तपकिरी हरभऱ्याची, सोललेली व दुभंगलेली" असें वर्णन जोडलें. गुळाला 'जॅगरी' हा शब्द चालतो. तोही पोर्तुगिजांच्या मार्फतच इंग्रजींत गेला. पण त्याचें मूळ आपल्या 'शर्करा' शब्दांत आहे. म्हणजे येथें परकें असें कांहींच नाहीं, घरचीच वस्तु फिरून घरीं आली, इतकेंच!

खरा घोटाळा 'कणीक' या शब्दांत आहे. दळलेलें कोरडें गव्हाचें पीठ तीही कणीक, आणि पाणी घालून मळलेला गोळा तीही कणीक. इंग्रजींत या दोन वस्तूंना दोन शब्द लागतात. आजीच्या वाक्यांत 'भिजवून' शब्दापूर्वी कणीक कोरडी आहे व नंतर ती ओली झाली आहे. शब्द मात्र मध्यें बदलत नाहीं. शिवाय आजीची कणीक वस्त्रगाळ असे. तिकडील दुकानांतील कोंड्यासकटचें जाडसर पीठ घेतलें, तर लाटतांना कोंडा पोळीला जागोजाग चिरे पाडतो. वहींत 'चाळून' असा शब्द नाहीं, कारण तें सांगण्याची आजीला गरज वाटली नाहीं. भाषांतरांत तो घालावाच लागला.

आतां मापें. 'एक शेर' हें सर्वांत निश्चित वाटणारें माप, आणि तेंच सर्वांत फसवें. शेर वजनाचाही असे व मापाचाही. धान्य बहुधा मापानेंच मोजीत : दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारें ९३३ ग्रॅम. परंतु मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा व त्याचा चाळिसावा भाग तो शेर, म्हणजे जेमतेम ३१८ ग्रॅम. एका शब्दाच्या पोटांत जवळजवळ तिपटीचा फरक! १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं व १९५८ पासून तीं बाजारांत चालूं लागलीं. तेव्हांपासून शेर हळूहळू मागें पडला, आणि आजीचा शेर कोणता तें सांगणारें घरांत कोणी उरलें नाहीं.

तथापि विचार करतां असें दिसलें कीं, त्यावांचून अडत नाहीं. 'गूळ डाळीइतका' या दोन शब्दांत सारें गणित आहे. डाळ किती घ्यावी, हें घरांतील माणसांवर अवलंबून. गूळ किती घ्यावा, हें डाळीवर. म्हणून मीं नातीसाठीं २५० ग्रॅम डाळ व २५० ग्रॅम गूळ असें लिहिलें. दोन्ही तोलूनच घ्यावीं हेंही लिहिलें. कारण किसलेला गूळ वाटींत दाबून भरला तर एक वजन आणि सैल भरला तर दुसरें.

येथें एक मोठा खड्डा आहे. डाळीइतका म्हणजे कोणत्या डाळीइतका, कच्च्या कीं शिजलेल्या? क्रम पाहिला तर गूळ शिजलेल्या डाळींत पडतो. म्हणून परक्या वाचकाला शिजलेल्या डाळीइतका वाटणें स्वाभाविक आहे. परंतु डाळ शिजून वजनानें सुमारें दुप्पट होते. तितका गूळ घातला तर पुरण कितीही आटवलें तरी पातळच राहतें, लाटतांना पोळी फुटते, आणि बाहेर आलेला गूळ तव्यावर जळून काळा होतो. मराठी घरांत डाळ कोरडी असतांनाच गूळ तिच्या शेजारीं काढून ठेवितात, म्हणून ही शंका कोणालाच येत नाहीं.

राहिलीं क्रियापदें. 'कट काढावा' याचें शब्दशः इंग्रजी केलें, तर नात तें पाणी मोरींत ओतून देईल. येथें काढणें म्हणजे राखून ठेवणें; त्याच कटाची आमटी व्हावयाची आहे. 'बोटचेपी' हें विशेषण म्हणजे स्वतःच एक परीक्षा आहे : दाणा बोटांत चेपला जावा, पण पातेल्यांत त्याचा आकार टिकलेला असावा. डाळ या अवस्थेला येण्यापूर्वीं गूळ घातला तर ती पुढें मऊ होतच नाहीं, मग घटकाभर शिजवा कीं दोन घटका.

'कणीक भिजवणें' हें कोशांत पाहून कोणी 'सोक' असें लिहिलें, तर पीठ पाण्यांत बुडून राहील! भिजवणें म्हणजे पाणी घालून गोळा करणें. त्यापुढील 'तिंबणें' हें मात्र केवळ मळणें नव्हे. गोळा एकत्र आला कीं मळणें संपतें. तेल व पाण्याचा हात लावीत, आपटीत व ओढीत राहणें म्हणजे तिंबणें. इंग्रजींत त्याला एक शब्द मला सांपडला नाहीं. म्हणून परिणामच लिहिला : चिमटींत धरून ओढली असतां कणीक न तुटतां लांबली पाहिजे. 'मुरणें' हें लोणच्याला महिना घेतें, कणकेला दोन तास. क्रियापद एकच असल्यामुळें वेळ स्वतंत्र लिहावी लागली.

'आटवणें' याला इंग्रजी शब्द आहे, पण कोठवर आटवावें हें तो शब्द सांगत नाहीं. तें उलथन्यानें सांगावयाचें. पुरणांत उभें केलेलें उलथनें न कलंडतां राहिलें कीं पातेलें उतरावें, त्यापुढें एक क्षणही नको. कारण गरम पुरण सैल दिसतें व निवल्यावर घट्ट होतें. अधिक आटलें तर तें भुरभुरीत होऊन पोळीच्या कडेपर्यंत सरकत नाहीं. अशा वेळीं चमचाभर दूध शिंपडून पुन्हा मळावें. ही शेवटची सूचना वहींत नाहीं. ती आमच्या आईची.

'भाजणें' हें एकच क्रियापद आपण दाण्यांना, वांग्याला, पापडाला आणि पोळीला लावतों. इंग्रजींत दर वेळीं भांडें व उष्णता पाहून निराळा शब्द घ्यावा लागतो, आणि पोळीसाठीं त्यांतला एकही नेमका बसत नाहीं. मीं लिहिलें : "कोरड्या लोखंडी तव्यावर, मंद आंचेवर, खालच्या बाजूस तांबूस ठिपके येईपर्यंत, मग एकदांच उलटावी, तूप उतरल्यावर."

जायफळाला मीं पाव चमचा पूड असें लिहून दिलें होतें. नातीनें पोळ्या केल्या आणि कळविलें कीं, तिच्या घरीं तें जास्त झालें. तेव्हां पाव चमचा खोडून तेथें 'अंदाजानें' हा आजीचा शब्द इंग्रजी लिपींत तसाच घातला आहे, आणि समोर "प्रथम दोन चिमटी" इतकी टीप.