फुटबॉलमधील सत्रनिहाय पैजांचे भाव

२५ मे २००५ रोजी इस्तंबूल येथे झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला एसी मिलान ३-० असा आघाडीवर होता. दुसऱ्या सत्रात लिव्हरपूलने तीन गोल करून बरोबरी साधली. ‘कोणतेही एक सत्र जिंकणे’ ही पैज दुसरे सत्र ०-० पासून नव्याने मोजते. त्यामुळे त्या दिवशी ती दोन्ही संघांच्या बाजूने लागत होती. ‘दोन्ही सत्रांत गोल’ हीही लागत होती. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआऊट यांना या हिशेबात स्थान नसते.

भाव काढण्यासाठी अपेक्षित गोलांची विभागणी दोन सत्रांत करावी लागते. युरोपातील प्रमुख लीगमध्ये साधारण ४५ टक्के गोल पहिल्या सत्रात होतात. दमलेले पाय, बदली खेळाडू आणि लांबलेला भरपाईचा वेळ यांमुळे दुसऱ्या सत्राचे पारडे जड राहते. यजमानांचे १.५ आणि पाहुण्यांचे १.१, असे एकूण २.६ गोल अपेक्षित धरू. त्यांपैकी पहिल्या सत्राला १.१७ आणि दुसऱ्याला १.४३ येतात. पॉयसाँच्या नियमानुसार पहिले सत्र गोलशून्य जाण्याची शक्यता e^(-1.17), म्हणजे ३१ टक्के, तर दुसऱ्याची २४ टक्के. दोन्ही सत्रांत गोल होण्याची शक्यता ०.६९ गुणिले ०.७६, म्हणजे ५२.५ टक्के, आणि पेढीचा नफा वगळता भाव १.९१.

विभागणी निम्मी-निम्मी धरली असती तरी भाव १.८९ आला असता. उलट एकूण अपेक्षा २.९ धरली, तर तो १.७२ वर उतरतो. म्हणजे या पैजेत खरी काळजी एकूण गोलांच्या अंदाजाची घ्यावी लागते.

याच सामन्यात यजमान पहिले सत्र जिंकण्याची शक्यता ३४.६ टक्के आणि दुसरे जिंकण्याची ३७.८ टक्के येते. दोन्ही हुकण्याची शक्यता ०.६५४ गुणिले ०.६२२, म्हणजे ४०.७ टक्के, उरलेल्या ५९.३ टक्क्यांचा भाव १.६९. पूर्ण सामना जिंकण्याची शक्यता मात्र ४६ टक्केच आहे.

हा गुणाकार दोन सत्रे परस्परांपासून स्वतंत्र मानतो आणि गोम तेथेच आहे. पिछाडीवरचा संघ त्वेषाने चढाई करतो व आघाडीचा संघ सावरून खेळतो; याने यजमानांची शक्यता वाढते. पण पहिल्या सत्रातील निष्प्रभ खेळ हे संघ त्या दिवशी अंदाजापेक्षा दुबळा असल्याचेही लक्षण असू शकते, आणि मग ती घटते. कोणता परिणाम वरचढ आहे, हे जुन्या निकालांवरून तपासता येते: पहिले सत्र न जिंकलेल्या यजमानांनी दुसरे सत्र किती वेळा जिंकले, ते काढून सूत्राच्या अंदाजाशी ताडून पाहावे.

त्याआधी नोंदी तपासणे बरे. ४५+३ व्या मिनिटाचा गोल पहिल्या सत्राचाच असतो. काही याद्यांत तो ४८ वा मिनिट म्हणून पडतो आणि दुसऱ्या सत्रात मोजला जातो. मध्यंतरानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत गोलांची अस्वाभाविक गर्दी दिसली, तर हीच चूक झाली असल्याचा संशय घ्यावा.