कोलिफॉर्म शून्य : १९५५ची दिल्ली आणि एक रिपोर्ट

पाण्याच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज मी एका कागदापासून सुरुवात करणार आहे.

मी उत्तर दिल्लीत राहते. नोकरीची बरीच वर्षे पाणी तपासण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही शेजारपाजारचे लोक पाण्याचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. एका सप्टेंबरमध्ये आमच्या सोसायटीचे सचिव असाच एक रिपोर्ट घेऊन आले. इमारतीत दहा दिवसांत तिघांना कावीळ झाली होती. सचिवांनी लगेच टाक्यांत ब्लीचिंग पावडर टाकून घेतली, दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना खासगी प्रयोगशाळेत पाठवला आणि उत्तर आले : कोलिफॉर्म शून्य, पाणी पिण्यास योग्य. ते म्हणाले, "ताई, आपलं पाणी स्वच्छ आहे. या लोकांनी बाहेर काहीतरी खाल्लं असणार. तुम्ही एकदा सगळ्यांना सांगा, म्हणजे घबराट थांबेल."

मी सांगितले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली सून सात महिन्यांची गरोदर होती. माझ्या डोळ्यांसमोर आली ती १९५५ सालची दिल्ली.

ती गोष्ट समजण्यासाठी आधी हे पाहू, की कोलिफॉर्म मोजून आपण नेमके काय मोजतो.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातल्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. त्यानंतर असे वाटणे साहजिक होते, की पाण्यात थेट रोगाचे जंतूच शोधावेत. पण ते काम फार अवघड निघाले. रोगजंतू पाण्यात कमी संख्येने असतात, गावात रोगी असतील तेव्हाच येतात, लवकर मरतात आणि प्रत्येकाला शोधण्याची रीत वेगळी असते. शिवाय रोग पसरल्यावर ते सापडून उपयोग काय?

मग एक वेगळा विचार पुढे आला. १८८५ साली थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा केला. तोच पुढे त्यांच्या नावाने एशेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय झाला. हा निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो, आणि ग्रॅमभर विष्ठेत तो कोट्यवधींच्या संख्येने असतो. तेव्हा पाण्यात तो सापडला, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे कळते. विष्ठा येण्याची वाट उघडी असेल तर आज ना उद्या त्याच वाटेने रोगही येईल. यालाच निर्देशक जीव म्हणतात. म्हणजे आपण चोर शोधत नाही, दार उघडे आहे का ते पाहतो.

मोजायचे कसे? जुनी आणि आजही चालणारी रीत नळ्यांची आहे. दुग्धशर्करा आणि पित्तक्षार असलेले मॅकॉन्की द्रव नळ्यांत भरायचे. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उपडी ठेवायची. पाच नळ्यांत १० मिलिलिटर पाणी, पाचांत १ मिलिलिटर आणि पाचांत ०.१ मिलिलिटर घालून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचे. कोलिफॉर्म असतील तर ते दुग्धशर्करा आंबवतात. द्रवाचा रंग बदलतो आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. ४८ तासांपर्यंत वाट पाहून किती नळ्या होकारार्थी ते मोजायचे.

समजा १० मिलिलिटरच्या पाचही नळ्या होकारार्थी, १ मिलिलिटरच्या दोन आणि ०.१ची एकही नाही. म्हणजे १० मिलिलिटर पाण्यात जिवाणू हमखास होता, पण १ मिलिलिटरमध्ये कधी होता, कधी नव्हता. अशा विभागणीवरून संभाव्यतेच्या गणिताने तक्ता बनवलेला असतो. त्यात ५-२-० समोर उत्तर मिळते : १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ५०. हा मोजलेला आकडा नाही, सर्वांत संभाव्य आकडा आहे. खरी संख्या वीसही असू शकते आणि शंभराच्या वरही.

आणखी एक अडचण आहे. कोलिफॉर्म हे एक मोठे कुटुंब आहे आणि त्यातले सगळेच आतड्यात राहत नाहीत. माती, कुजलेला पाला, जुन्या नळाच्या आतला बुळबुळीत थर यांतही काही जण आरामात वाढतात. म्हणून नुसता एकूण कोलिफॉर्मचा आकडा आला की पाण्यात मैला आहेच असे म्हणता येत नाही. १९०४ साली आइकमन यांनी यावर युक्ती सुचवली. बेरीबेरीवरच्या संशोधनासाठी ज्यांना पुढे नोबेल मिळाले, तेच हे आइकमन. शरीराच्या उबेत वाढणारे जिवाणू जास्त तापमान सोसतात, तर ४६ अंशाला ठेवून पाहा, असे ते म्हणाले. आज आपण साधारण ४४ अंश वापरतो. तिथेही वायू आला आणि इंडोल चाचणीत लाल कडे उमटले, तर तो ई. कोलाय धरायचा. आपल्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच सापडता कामा नये.

म्हणजे 'आहे' या उत्तराचा अर्थ बऱ्यापैकी पक्का आहे. प्रश्न आहे तो 'नाही' या उत्तराचा. इथे दिल्ली येते.

१९५५ साली दिल्लीला पाणी पुरवणारे मोठे केंद्र वजिराबादला, यमुनेच्या पश्चिम काठावर होते. शहराचा मैला वाहून आणणारा नजफगढ नाला त्याच काठाला, पाणी उचलण्याच्या जागेच्या थोडे खालच्या अंगाला नदीला मिळतो. नदी वरून खाली वाहते, त्यामुळे एरवी काळजी नव्हती. आज तिथे असलेला बंधारा तेव्हा नव्हता. त्या ऑक्टोबरच्या पुरानंतर यमुनेचा मुख्य प्रवाह पूर्व काठाकडे सरकला. पश्चिमेकडे पाणी उथळ आणि मंद झाले, आणि नोव्हेंबरच्या मध्याला काही दिवस नाल्याचे पाणी उलटे चढून थेट पाणी उचलण्याच्या जागी पोचले.

केंद्रातली माणसे झोपलेली नव्हती. पाणी बिघडल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. त्याचा परिणामही झाला. एवढा मैला आत येऊनही शहरात विषमज्वराची किंवा आमांशाची साथ उसळली नाही. जिवाणूंपुरते पाहिले तर शुद्धीकरण यशस्वी झाले होते.

मग डिसेंबर उजाडला आणि कावीळ सुरू झाली. जानेवारी संपेपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. मैला आला नोव्हेंबरच्या मध्याला आणि रोग भरात आला डिसेंबरमध्ये. मधले अंतर काविळीच्या विषाणूला शरीरात वाढायला लागणाऱ्या आठवड्यांशी जुळत होते.

तो विषाणू कोणता हे तेव्हा कळले नाही. सगळ्यांनी त्याला हिपॅटायटिस ए धरले. पण कोणीतरी त्या साथीतल्या रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवले होते. १९८० साली ते तपासले तेव्हा तो ए नव्हता आणि बी-ही नव्हता. तो पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला.

मैला पाण्यात असताना निर्देशक गप्प का राहिला? कारण क्लोरीनने आधी निर्देशकच मारला. ई. कोलाय क्लोरीनला फार लवकर बळी पडतो. आतड्यातले विषाणू जास्त चिवट असतात. शिवाय मैल्यात अमोनिया असतो. क्लोरीन त्याच्याशी जोडले जाऊन क्लोरामाइन होते. जिवाणूंना ते हळूहळू मारते, पण विषाणूंवर त्याचा जोर फारच कमी पडतो. गढूळ पाण्यातल्या कणांच्या आडही विषाणू लपतात. म्हणून आज सांगतात, की पाणी गढूळ नसावे, मुक्त क्लोरीन निदान ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे आणि त्याला किमान अर्धा तास मिळावा. कच्च्या पाण्यात कोलाय नसणे आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात कोलाय नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मैला आलेला नाही, अशी आशा धरता येते. दुसऱ्यात फक्त क्लोरीनने जिवाणू मारले एवढेच कळते.

आता सचिवांचा कागद पुन्हा पाहा. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. नमुना कधी घेतला? ब्लीचिंग पावडर टाकल्यावर दुसऱ्या दिवशी. कशात घेतला? घरातल्या धुतलेल्या बाटलीत. खरे तर प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवते. ते नसेल तर वाटेभर बाटलीतही क्लोरीन जिवाणू मारत राहते. आणि तिसरा प्रश्न : हे लोक आजारी पडले ते पाणी त्यांनी कधी प्यायले असेल? सचिव गप्प झाले. बहुधा ऑगस्टमध्ये, जोराच्या पावसात. त्या पाण्याबद्दल सप्टेंबरचा रिपोर्ट काय सांगणार?

त्या संध्याकाळी आम्ही घरोघर निरोप दिला : पाणी खळखळून उकळूनच प्यायचे. तिसऱ्या मजल्यावर मी स्वतः गेले, आणि सासूबाईंना बजावले की सुनेने दात घासायलाही तेच पाणी घ्यावे.

पुढचे दहा दिवस सगळे उकळलेले पाणी पीत असताना जमिनीखालच्या टाकीत पावडर टाकायची नाही, असे ठरवले. क्लोरीन उतरल्यावर योग्य बाटलीत नमुना घेतला, बर्फावर ठेवून सहा तासांच्या आत पोचवला. उत्तर आले ५-२-०, आणि ४४ अंशालाही होकार. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ५० ई. कोलाय. टाकी उपसली तेव्हा भिंतीच्या एका कोपऱ्यात ओल दिसली. पलीकडे दोन हातांवर मैल्याचा चेंबर होता, आणि त्याचे तळाचे प्लास्टर फुटलेले होते.

पन्नास हा आकडा वाईट होता, पण त्यानेच आम्हाला ती भेग दाखवली. शून्याने ती झाकली होती. कावीळ आणखी दोघांना झाली. विषाणू त्यांच्या शरीरात आधीच शिरला असणार. तिसऱ्या मजल्यावर नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

तुमच्या हाती असा रिपोर्ट आला तर आकड्याच्या आधी नमुन्याची तारीख, जागा आणि त्या वेळचे क्लोरीन पाहा. पुढच्या भागात हे क्लोरीन आपल्या शहरांत कसे आले ते पाहू.