सी-वाक्यांतील काळांची जोडी (फ्रेंच व्याकरण)

सी-वाक्य म्हणजे फ्रेंच भाषेत 'सी' (अर्थ: 'जर') या उभयान्वयी अव्ययाने सुरू होणारे अटीचे उपवाक्य आणि त्यावर अवलंबून असणारे मुख्य वाक्य यांचे मिश्र वाक्य होय. या वाक्याच्या दोन भागांतील क्रियापदांचे काळ ठरावीक जोड्यांनी येतात. प्रमाण फ्रेंचमध्ये अट दर्शविणाऱ्या 'सी'नंतर संकेतार्थ (कोंदिस्योनेल) किंवा भविष्यकाळ येत नाही. ही रूपे मुख्य वाक्यात येतात. या लेखातील फ्रेंच उदाहरणे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

मुख्य जोड्या

* *वर्तमानकाळ – भविष्यकाळ:* 'सी पोल आ ल ताँ, इल व्यँद्रा.' (पोलकडे वेळ असेल तर तो येईल.) अट पूर्ण होण्याची शक्यता खुली आहे. मुख्य वाक्यात वर्तमानकाळ किंवा आज्ञार्थही चालतो.
* *अपूर्ण भूतकाळ – संकेतार्थ:* 'सी पोल आवे ल ताँ, इल व्यँद्रे.' (पोलकडे वेळ असता तर तो आला असता, म्हणजे आत्ता त्याच्याकडे वेळ नाही.) येथील भूतकाळ गतकाळ दाखवत नाही, तर वास्तवापासूनचे अंतर दाखवतो.
* *पूर्ण भूतकाळ – भूत संकेतार्थ:* 'सी पोल आवे यू ल ताँ, इल सरे वन्यू.' (त्या वेळी पोलला वेळ मिळाला असता तर तो आला असता.) अट भूतकाळातच हुकली आहे.

भूतकाळातील हुकलेल्या अटीचा परिणाम वर्तमानात असल्यास दुसरी आणि तिसरी जोडी एकत्र येते: 'सी पोल एते वन्यू इयेर, इल सरे इसी.' (पोल काल आला असता तर आज येथे असता.)

संकेतार्थ का येत नाही

याचा उलगडा संकेतार्थाच्या घडणीतून होतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'गाणे' या अर्थाच्या धातुरूपापुढे 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाचे क्रियापद जोडले जाई. 'कान्तारे हाबेत' (शब्दशः 'गायचे आहे') यातून फ्रेंच भविष्यकाळ आला आणि 'कान्तारे हाबेबात' ('गायचे होते') यातून संकेतार्थ. व्यँद्रा आणि व्यँद्रे या दोन्ही रूपांतील 'र' त्या मूळ धातुरूपाचा अवशेष आहे. संकेतार्थ हा अशा रीतीने भूतकाळात नेलेला भविष्यकाळ ठरतो. त्यामुळे 'सी'नंतर भविष्यकाळ नाही आणि संकेतार्थही नाही, हे दोन वेगळे नियम नसून एकच नियम आहे: अट आधी मांडली जाते आणि 'पुढे घडणारे' सांगणारे रूप परिणामाच्या वाट्याला येते.

मात्र संकेतार्थ अटीच्या अर्थाशी मुळातच विसंगत आहे, असे नाही. 'ओ का ऊ' (तशी वेळ आलीच तर) या शब्दप्रयोगानंतर संकेतार्थच येतो. बोलीत 'सी' गाळून दोन्ही भागांत संकेतार्थ वापरता येतो: 'पोल ओरे ल ताँ, इल व्यँद्रे.' निर्बंध आहे तो 'सी' या शब्दाच्या सोबतीवर.

मराठी भाषकांची चूक

मराठीत 'वेळ असता तर आला असता' असे दोन्ही भागांत संकेतार्थाचेच रूप येते. 'वेळ असेल तर येईल' यातही दोन्हीकडे भविष्यकाळ असतो. म्हणून मराठी विद्यार्थी 'सी पोल ओरे ल ताँ, इल व्यँद्रे' अशी रचना करण्याचा संभव असतो. येथे 'ओरे'च्या जागी 'आवे' हवे. फ्रेंच मुलेही बोलताना अशीच चूक करतात. इव्ह रोबेर यांच्या 'ला गेर दे बुताँ' (1962) या चित्रपटातील प्ती जिब्यूस या छोट्या मुलाचे गाजलेले वाक्य याच चुकीवर उभे आहे.

फ्रेंच शाळांत यासाठी 'ले सी नेम पा ले रे' ('सी'ला 'रे' आवडत नाही) हे स्मरणसूत्र प्रचलित आहे. उच्चारसाम्यामुळे त्याचा 'करवतींना रेषा आवडत नाहीत' असाही अर्थ लागतो. परंतु ज्या धातूंच्या अंगातच शेवटी 'र' असतो, तेथे हे सूत्र फसवते. 'सी पोल आँत्रे' (पोल आत आला तर) हे वाक्य शुद्ध आहे, कारण 'आँत्रे' हा अपूर्ण भूतकाळ आहे. त्याचा संकेतार्थ 'आँत्ररे' होतो.

वरवरचा आणि खरा अपवाद

अप्रत्यक्ष प्रश्नातील 'सी'नंतर संकेतार्थ येऊ शकतो: 'झ न सावे पा सी पोल व्यँद्रे.' (पोल येईल की नाही, हे मला ठाऊक नव्हते.) हा 'सी' अटीचा नाही. मराठीत त्या जागी 'जर' न बसता 'की नाही' बसत असेल, तर वरील नियम लागू होत नाही.

जुन्या फ्रेंचमध्ये अवास्तव अटीसाठी दोन्ही भागांत सुब्जोंक्तीफ या अर्थाची रूपे वापरली जात; पुढे त्यांची जागा आजच्या जोडीने घेतली. जुन्या पद्धतीचा अवशेष म्हणून अभिजात गद्यात 'सी'नंतर पूर्ण भूतकाळाऐवजी सुब्जोंक्तीफचे पूर्ण भूत रूप आढळते. तो प्रमाण भाषेतील मान्य अपवाद असला, तरी आजच्या बोलण्यात वापरला जात नाही.